पातळ केली, तरी लवकर चढली

पत्र : मी ३८ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. वजन ७० किलो. महिन्यातून दोन शनिवार पन्हाळा रोडला मित्राच्या मळ्यावर आमचं रस्सा मंडळ बसतं. दहा वर्षं माझे दोन लार्ज ठरलेले. मोठा ग्लास भरून साधं पाणी, बरोबर सुक्कं-भाकरी. कधी त्रास नाही. दिवाळीनंतर साखर बॉर्डरला आली, डॉक्टरांनी गोड बंद केलं. तेव्हापासून शुगर-फ्री कोला नाहीतर सोडा, निम्म्याला निम्मा. हल्ली मटण शिजायलाही उशीर होतो, तोवर दोन्ही ग्लास संपतात. मागच्या दोन्ही खेपेला अर्ध्या-पाऊण तासात डोकं गरगरलं, एकदा बांधावरून पाय घसरला. मित्र म्हणतात, "भावा, वय झालं तुझं." मित्राचे काका कोरी घेतात, ते ठणठणीत. त्यांचं म्हणणं, "सोड्यानं घात केला, कोरी घे." घ्यावी का? आणि रात्री साडेअकराला १८ किलोमीटर बाईकवर यायचं असतं, तोवर उतरलेली असते ना?

उत्तर :

काकांचं निदान निम्मं बरोबर आहे, औषध मात्र पूर्ण चुकीचं आहे. तुमच्या वयाचा इथे फारसा संबंध नाही. दारू तीच, मापही बहुधा तेच. बदलला आहे तो तिचा पोटातून बाहेर पडायचा वेग. तुम्ही ग्लासातल्या एकदम तीन गोष्टी बदलल्यात, वर पोटही रिकामं राहायला लागलं, आणि सगळं एकाच बाजूला झुकलं.

दारू चढते कुठून, ते आधी बघू. आपल्याला वाटतं, घोट पोटात गेला की रक्तात गेला. तसं होत नाही. जठराच्या अस्तरातून थोडीशीच दारू रक्तात जाते. खरं काम पुढे, लहान आतड्यात होतं. तिथलं अस्तर आतून मखमलीसारखं लव असलेलं, म्हणून पसारा मोठा. तिथे पोचली की दारू भराभर शोषली जाते. जठर आणि आतडं यांच्यामध्ये एक स्नायूचं कडं आहे. ते पाटाच्या पाण्याच्या दारासारखं थोडं उघडतं, थोडं मिटतं. किती लवकर चढणार हे बरंचसं या दारावर ठरतं. पाट फोडायला कोण बसलंय यावर उसाच्या कुठल्या सरीला कधी पाणी पोचणार हे ठरतं, तसंच.

आता कोरी दारू घ्या. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के असते, बाटलीवर छापलेलंच असतं. एवढी तीव्र दारू रिकाम्या पोटात गेली की अस्तराला झोंबते. जठर चिकट स्राव सोडतं, आणि बऱ्याच जणांचं ते कडं आवळून बसतं. म्हणजे कोरी दारू स्वतःच स्वतःची वाट अडवते. काका साडेआठला ठणठणीत दिसतात त्याचं एक कारण हे असू शकतं. पण दार कायमचं बंद राहत नाही. जठरातला रस, मधेमधे घेतलेलं पाणी यानं ती आत पातळ होत जाते आणि मग पुढे सरकते. एखाद्याची लवकर, एखाद्याची उशिरा, आणि त्याच माणसाची दर खेपेला वेगळी. काकांना पुढच्या वेळी साडेआठला बघू नका, साडेदहाला बघा. गप्प झालेत का, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताहेत का, उठताना खुर्चीचा हात धरताहेत का. शिवाय कोरी घेणारा जुना माणूस सहसा चमचा-चमचा करत दीड तास एकच ग्लास पुरवतो. ती करामत त्या सावकाशीची आहे, आणि वर्षानुवर्षं पिऊन शरीराला झालेल्या सवयीची. सवयीच्या माणसाला चढलेली दिसत नाही एवढंच. रक्तात ती असतेच.

त्यामुळे कोरी घेऊ नका. झोंबलेल्या अस्तराची आम्लपित्ताची आणि उलटीची तक्रार घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे येणारे यातलेच असतात. आणि उशिरा चढणाऱ्या दारूचा मोठा धोका वेगळाच आहे. "अजून काहीच वाटत नाही" म्हणून माणूस तिसरा भरतो, आणि दार उघडतं तेव्हा तिन्हींचा हिशोब एकदम येतो.

मग पातळ केलेली लवकर का चढावी? इथे आपल्या बोलण्यातच एक घोळ आहे. "पातळ" म्हणजे "सौम्य" असं आपण धरून चालतो. घशाला ती सौम्य लागते हे खरं. पण ६० मिलिच्या लार्जमध्ये २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यात तुम्ही पाणी घाला, सोडा घाला नाहीतर पंचगंगा ओता, ते २० ग्रॅमच राहतं. पाण्यानं फक्त तीव्रता बदलते. आणि तीव्रतेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. फार तीव्र असेल तर दार आवळतं. फार पातळ असेल तर एवढं सगळं पाणी प्यायलाच वेळ लागतो, आणि ते जठरातून टप्प्याटप्प्यानं जातं. मधे, साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास, रिकाम्या पोटी ती सगळ्यात वेगानं चढते. अस्तराला फार झोंबत नाही, आणि आतड्यात पोचल्यावर रक्तात घुसायला पुरेशी दाटही असते.

तुमचा ग्लास आता मोजा. पूर्वी ६० मिलिवर मोठा ग्लास भरून, म्हणजे पाव लिटरच्या जवळपास पाणी. ते मिश्रण साडेआठ टक्क्यांच्या घरात जातं, कडक बिअरच्या आसपास. आता निम्म्याला निम्मा, म्हणजे ६० वर ६०. ते झालं २१ टक्के. नेमकं त्या वेगवान पट्ट्यात जाऊन बसलं. कोला असल्यामुळे चव लागते हलक्या पेयाची, म्हणून घोटही मोठे जातात.

आता सोडा. सोड्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो. गोटी सोड्याची बाटली उघडताना जो "फट्" आवाज होतो, तोच दाब. पोटात गरम झाल्यावर उरलेला वायू सुटतो, जठर फुगतं, आणि त्या ताणानं आतला ऐवज दारातून लवकर पुढे ढकलला जातो, असं मानलं जातं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला २००७ साली हे तपासून पाहिलं गेलं. २१ माणसांना तीन वेगवेगळ्या दिवशी तीच व्होडका दिली : एकदा कोरी, एकदा साध्या पाण्यात निम्मी, एकदा सोड्याच्या पाण्यात निम्मी. २१ पैकी १४ जणांना सोड्यातली जास्त वेगानं चढली. उरलेल्या ७ जणांत फरक दिसला नाही, किंवा उलट थोडी हळू चढली. म्हणून "सोड्यानं सगळ्यांनाच लवकर चढते" असं छातीठोक मी म्हणणार नाही. तुमच्या मंडळात सहा जण असतील तर चौघांना फरक पडेल, दोघं म्हणतील, "काय खोटं सांगतोस." दोन्हीकडचे आपापल्या जागी खरे.

इथे कुणीतरी नक्की विचारणार, "मग बिअरमध्येही गॅस असतो, ती का नाही अशी चढत?" प्रश्न चांगला आहे, आणि सगळा दोष गॅसवर टाकणाऱ्यांना त्याचं उत्तर देता येत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात उपाशीपोटी असलेल्या १५ पुरुषांना वजनाच्या हिशोबानं सारखंच अल्कोहोल २० मिनिटांत दिलं. व्होडका-टॉनिक घेतलं तेव्हा रक्तातलं प्रमाण सरासरी ३६ मिनिटांत शिखरावर गेलं. बिअर घेतली तेव्हा ६२ मिनिटं लागली, आणि शिखरही बरंच ठेंगणं निघालं. वायू दोन्हींत होता. पण टॉनिकमधलं मिश्रण २० टक्क्यांच्या आसपासचं, बिअर ५ टक्क्यांची, शिवाय तिच्यात धान्यातलं पिठूळ-गोड काहीबाही आणि पाणी भरपूर. म्हणजे गॅस धक्का देतो हे बरोबर, पण कशाला देतो हेही बघायला लागतं. (कडक बिअरची ६५० मिलिची आठ टक्क्यांची बाटली मात्र ४१ ग्रॅमची असते, दोन लार्जएवढी. ती हळू चढते म्हणून कमी समजू नका.)

तिसरा बदल तुम्ही चांगल्या हेतूनं केलात, आणि माझ्या मते ग्लासातल्या तिन्ही बदलांत सगळ्यात जास्त घोळ त्यानंच केला. शुगर-फ्री कोला. साखर आतड्यात पोचली की आतडं जठराला निरोप पाठवतं, "जरा दमानं सोड, इथलं आवरू दे." त्यामुळे गोड पेयातली दारू जठरात जास्त वेळ थांबते. कृत्रिम गोडीला आतडं तसा निरोप पाठवत नाही, ती पाण्यासारखीच सरळ निघून जाते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आठ तरुणांवर हे मोजलं होतं. ३० ग्रॅम अल्कोहोल, एकदा साखरेच्या पेयात, एकदा बिनसाखरेच्या. साखरेचं पेय जठरातून निम्मं रिकामं व्हायला ३६ मिनिटं लागली, बिनसाखरेचं २१ मिनिटांत निम्मं गेलं. रक्तातलं शिखर १०० मिलिलिटरमागे ३४ मिलिग्रॅमच्या जागी ५३ पर्यंत गेलं. दारू एका थेंबानंही जास्त नव्हती. तसाच आणखी एक प्रयोग झाला, त्यात बिनसाखरेच्या पेयावर श्वासातलं प्रमाण १८ टक्क्यांनी वर गेलं, आणि पिणाऱ्यांना स्वतःला मात्र फरक काहीच जाणवला नाही. हे शेवटचं वाक्य बाईकच्या प्रश्नाशी येऊन भिडणार आहे, लक्षात ठेवा.

यावरून "मग साखरेचा कोला सुरू करतो" असं म्हणू नका. तुमची साखर बॉर्डरला आहे, ती बाटली तुमच्या कामाची नाही. तुम्हाला दार हळू उघडायचं असेल तर त्याला साखरेपेक्षा चांगलं साधन तुमच्या मळ्यावर चुलीवरच शिजत असतं.

पोटात जेवण असणं, विशेषतः चरबी आणि प्रथिनं असलेलं जेवण, जठर रिकामं व्हायचा वेग जितका कमी करतं तितका फरक बाकी कशानं पडत नाही. सोडा की पाणी हा वाद त्याच्यापुढे किरकोळ आहे. आपल्या मंडळांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी फुटाणे-चिरमुऱ्याचा मूठभर चखणा आणि ग्लास, मग उशिरा तांबडा-पांढरा, शेवटी भाकरी. मी एकदा नात्यातल्या एका मळ्यावर अशा बैठकीला बसलो होतो. मटण पातेल्यात, लाकडं ओली, धूरच धूर, आणि आठ जणांत दोन वाट्या शेंगदाणे. पांढरा रस्सा ताटात आला तेव्हा साडेदहा वाजले होते आणि निम्म्यांना तो मिठाचा आहे की अळणी हेही सांगता येत नव्हतं. त्या रश्शातलं नारळाचं दूध, खसखस, तीळ, मटणाची चरबी दोन तास आधी पोटात गेली असती तर दारावर रखवालदार म्हणून बसली असती. नंतर गेली, तेव्हा राखायला काही उरलं नव्हतं.

त्याच बैठकीत मी आणखी एक मोजलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण माझ्या पिशवीत होतं, १५ मिलिची रेघ असलेलं. यजमानानं डोळ्यांनी ओतलेला "लार्ज" मी त्यात मोजून परत ग्लासात टाकला. पाच टोपणं भरून वर थोडी उरली. ८० मिलि धरा. तो मनुष्य फसवत नव्हता, प्रेमानं ओतत होता. आपल्याकडे हात आखडला तर बरं दिसत नाही ना! पण पाहुणचारात दोन लार्जचे पावणेतीन झाले होते. तुमचे दोन खरंच दोन आहेत का, एकदा बघा. दुकानातल्या १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये तीन लार्ज बसतात. क्वार्टर दोन ग्लासांत संपत असेल तर तुमचा लार्ज ९० चा आहे.

आता बाईकचा प्रश्न. तुमच्याच दोन शनिवारांचा हिशोब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक मागेपुढे होणारे आहेत, पण दिशा कळायला पुरे आहेत. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात ४० ग्रॅम अल्कोहोल सगळं एकदम पसरलं असं धरलं तर रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण ८५ मिलिग्रॅम होतात. आणि यकृत ते सरासरी तासाला १५ मिलिग्रॅमनं खाली आणतं. कुणाचं १० नं, कुणाचं २० नं. ही गती सोड्यानं बदलत नाही, लिंबानं बदलत नाही, ताकानं नाही, तोंडावर मारलेल्या गार पाण्यानं तर नाहीच.

हल्लीचा शनिवार : आठला पहिला ग्लास, साडेआठ-पावणेनऊला दुसरा संपला, पोट रिकामं, निम्म्याला निम्मा, बिनसाखरेचा कोला. नऊच्या सुमाराला तुम्ही ७० च्या आसपास पोचलात. चढण उभी, म्हणून डोकं गरगरलं, पाय बांधावरून घसरला. मेंदूला नुसत्या पातळीपेक्षा ती किती झपाट्यानं वाढली हेही लागतं. साडेअकराला, आठपासून साडेतीन तासांनी, सुमारे ५२ मिलिग्रॅम जळाले. उरले ३३.

पूर्वीचा शनिवार : साडेआठला सुक्क्यासोबत पहिला, दहाला दुसरा संपला, प्रत्येक ग्लास पाव लिटरवर पाण्याचा. चढण सपाट. एकीकडे पोटातून दारू येतेय, दुसरीकडे यकृत जाळतंय. शिखर ५५-६० च्या पुढे बहुधा गेलं नसेल, म्हणून दहा वर्षं "कधी त्रास नाही." पण साडेअकराला? सुरू करून तीन तास झाले, ४५ मिलिग्रॅम जळाले. उरले ४० च्या आसपास. भरल्या पोटी घेतलेल्या दारूतला थोडा भाग रक्तात पोचायच्या आधीच जिरतो, म्हणून थोडे कमी धरा. तरी आकडा तिथेच घोटाळतो.

म्हणजे चढायचा वेग बदलला, उतरायचा नाही. ज्या शनिवारी तुम्हाला काही वाटलं नाही, त्या शनिवारीही गाडीवर बसताना तुम्ही साधारण तितकेच होता. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच वेळी सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. आणि हे साठ-साठचे मोजून दोन पेग धरून झालं. ऐंशीचे ओतले असतील तर सुरुवातच ११० च्या वर होते आणि साडेअकराला तुम्ही ६० च्या आसपास असता.

"पण मला तर उतरल्यासारखं वाटतं," असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. चढतीच्या बाजूला ५० मिलिग्रॅमवर माणसाला जितकी चढलेली वाटते, तितकी उतरतीच्या ५० वर वाटत नाही. मेंदू काही तासांत तेवढ्यापुरता सरावतो. झिंग कमी झाल्यासारखी वाटते, पण समोरून काही आलं तर हात ब्रेकवर जायला लागणारा वेळ त्या प्रमाणात सुधारलेला नसतो. पन्हाळा रोडला गळिताच्या हंगामात रात्री काय चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते, आणि ती दिसल्यावर हाताशी दोन-तीन सेकंद असतात. तिथे "मला वाटतं" कामाला येत नाही.

साडेअकराच्या वेळेवर तोडगा मिश्रणात नाहीच. एक लार्जसुद्धा रिकाम्या पोटी गटकन घेतला तर तुमच्या वजनाला शिखर ४० च्या आसपास जाऊ शकतं. त्या रात्री बाईक घरी ठेवून जा, नाहीतर न पिणाऱ्याच्या गाडीत मागे बसा, नाहीतर मळ्यावर झोपा आणि सकाळी निघा. मंडळात दर खेपेला एकानं नुसता रस्सा खायचा अशी पाळी लावलेली मंडळं मी पाहिली आहेत. आमच्याकडे रस्सा खाण्यासाठी पाळी मागून घेणारेही निघतात.

आणि गरगरण्यावर तोडगा हवा असेल तर तुमची जुनी पद्धतच परत आणा. पहिला ग्लास हातात घ्यायच्या आधी अर्धी-एक भाकरी आणि चार फोडी सुक्क्याच्या. मटण उशिरा होणार असेल तर घरून उकडलेली अंडी न्या, शेंगदाण्यांच्या भरवशावर राहू नका. माप टोपणानं. पाणी साधं, भरपूर. सोडाच आवडत असेल तर तोही मोठ्या ग्लासात भरून घ्या, निम्म्याला निम्मा नको, आणि पहिला ग्लास पाऊण तास पुरवा. बिनसाखरेचा कोला या कामातून काढून टाका, तहानेला वेगळा प्या. महिलांनो, हे वाचत असाल तर एक लक्षात घ्या : शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं त्याच वजनाला तोच पेग तुमच्या रक्तात जास्त दिसतो, मिश्रण कुठलंही असो. वर मांडलेले आकडे तुम्हाला लागू नाहीत, ते वर सरकवून घ्या.

गरगरल्यावर तिथल्या तिथे करायचं ते थोडंच आहे. ग्लास खाली ठेवा, बसा, एकटे विहिरीकडे-बांधाकडे जाऊ नका. बोट घालून उलटी काढू नका. अर्ध्या तासात निम्मी दारू पुढे गेलेली असते, उलटीनं ती परत येत नाही आणि शुद्ध कमी असेल तर उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. कुणी हाक मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. रिकाम्या पोटी पटापट प्यालेल्याची पातळी तो झोपल्यावरही काही वेळ वाढत राहते.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, आणि मला तीच जास्त खुपते आहे. साखरेसाठी डॉक्टरांनी नुसतं पथ्य सांगितलं की गोळीही सुरू केली? यकृत दारू जाळण्यात गुंतलं की साखर तयार करायचं त्याचं काम मागे पडतं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर, आणि इन्सुलिनवर तर नक्कीच, उपाशीपोटी घेतलेल्या दारूनं साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि तेव्हा काय होतं? डोकं गरगरतं, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, पाय घसरतो. शेजारी बसलेला म्हणतो, "चढली." म्हणजे बांधावरचा तो प्रसंग शंभर टक्के कोल्याचाच होता असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. त्या वेळी घाम आला होता का, काही खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं का, हे आठवून बघा. गोळीच्या पाकिटावरचं नाव घेऊन पुढच्या शनिवारच्या आत तुमच्या डॉक्टरांना भेटा, आणि किती पिता तो आकडा त्यांना खरा सांगा, टोपणानं मोजलेला.